पत्रास कारण की, पैसे पुरत नाहीत

सोलापुरातल्या एका वसतिगृहात मी बारा वर्षं रेक्टर होतो. मंगळवेढा, सांगोला, बार्शी, अक्कलकोट इथली मुलं असत. तुळजापूर-उमरग्याकडची असत, आणि इंडी-विजापूरकडची, घरी कन्नड आणि खोलीत मराठी बोलणारीही असत. महिन्याच्या वीस तारखेनंतर यांतली बरीच मुलं जिन्याखाली उभी राहून घरी फोन करताना दिसत. फोन दीड मिनिटात संपे. मुलगा म्हणे, "पैसे संपले." पलीकडून प्रश्न येई, "एवढ्यात कसे संपले?" पुढे बोलणं भांडणावर तरी जाई, नाहीतर गप्प होण्यावर.

म्हणून मी मुलांना पत्र लिहायला लावू लागलो. त्यामागे साधं कारण आहे. फोनवर वडिलांना जागच्या जागी उत्तर द्यावं लागतं, आणि हातात पैसा मोजका असलेला माणूस जागच्या जागी 'नाही' म्हणतो. पत्र दुपारी घरी पोहोचतं. आई ते वाचते किंवा धाकट्या बहिणीकडून वाचून घेते. संध्याकाळी वडील वाचतात. रात्री जेवणं झाल्यावर दोघं आपसात बोलतात, आणि मुलाच्या पैशांचा निर्णय खरा तिथे होतो. त्या बोलण्यात मुलाच्या बाजूने बोलायला त्याचं पत्रच तेवढं असतं. ते कसं तयार करायचं त्याची ही कृती आहे. पैसे हल्ली मोबाईलवर येतात, ते तसेच येऊ द्यावेत. मागणी मात्र कागदावर करावी.

पत्राला बसण्याआधी तीस दिवस हिशेब लिहायचा. ही पायरी सगळ्यात लांब आहे आणि मुलं नेमकी हीच गाळतात. खिशात मावेल अशी छोटी वही घ्या, आणि पैसे जिथे दिले तिथेच, हात खिशात परत जायच्या आत, आकडा लिहा. रात्री आठवून लिहिलेल्या हिशेबात चहा हमखास कमी भरतो. महिना पुरा धरा, कारण दहा दिवसांच्या हिशेबाला तीनने गुणून काढलेला आकडा खोटा निघतो. रिचार्ज महिन्यातून एकदाच होतो, आणि प्रॅक्टिकलच्या जर्नलचा खर्च एका आठवड्यात एकदम येतो. लाज वाटेल असा खर्चही लिहायचा. पुढे पत्रात त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो.

उदाहरण म्हणून मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका मुलाचं पत्र घेतो. घरी ज्वारीचं काळं रान, दोन गाई, आई-वडील, आजी आणि धाकटी बहीण. मेसचे पैसे वडील वेगळे भरत आणि वरखर्चाला महिना 1500 रुपये पाठवत. त्याने 23 डिसेंबर ते 21 जानेवारी असे तीस दिवस वही लिहिली. बेरीज 2459 आली. वही घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. एवढा खर्च पाहून घरचे रागावतील, असं त्याला वाटत होतं.

मी त्याला आधी खर्चाचे तीन वाटे करायला सांगितले. पहिल्या वाट्यात टाळता न येणारा खर्च: शेअर रिक्षा 400, झेरॉक्स आणि जर्नल 340, रिचार्ज 299, साबण, तेल, कपड्यांची पावडर आणि कटिंग मिळून 260, आणि रविवारी रात्री मेस बंद असते म्हणून बाहेरच्या जेवणाचे 320. एकूण 1619. दुसरा वाटा कमी करता येईल अशा खर्चाचा. त्यात फक्त चहा होता. दिवसाला दोन कप, दहा रुपयांचा एक, असे सव्वीस दिवस, म्हणजे 520. तिसऱ्या वाट्यात एकदाच होणारा खर्च: चपलेची शिलाई 40 आणि गड्ड्यावर उडवलेले 280. गड्डा म्हणजे संक्रांतीच्या सुमारास भरणारी सिद्धेश्वराची यात्रा. होम मैदानावर त्या दिवसांत पाळणे आणि खाऊची दुकानं लागतात, आणि तिथून भरल्या खिशाने परत आलेला विद्यार्थी माझ्या पाहण्यात नाही.

वाटे पडले की मागायचा आकडा आपोआप दिसतो. टाळता न येणारे 1619 कायम राहिले. संध्याकाळचा चहा सोडायचं त्याने स्वतः ठरवलं, म्हणून चहाचे 260 राहिले. एकदाचे 320 पुढच्या महिन्यात नाहीतच. म्हणजे 1879. त्यावर थोडी मौज धरून त्याने 2000 हा आकडा पक्का केला. वाढ 500 रुपयांची. आकडा असा हिशेबातून निघाला पाहिजे आणि एकच असला पाहिजे. 'दोन-अडीच हजार' लिहिलं की वडील दोन हजार वाचतात आणि त्यातूनही घासाघीस सुरू करतात. घासाघीस होणार म्हणून आधीच सातशे वाढवून मागायचे, ही युक्ती मुलं एकमेकांना शिकवतात. मी ती कधी चालू दिली नाही. एकदा फुगवून मागितलेला आकडा उघडा पडला, की पुढचे सगळे खरे आकडेही घरात फुगलेलेच धरले जातात.

आकडा पक्का करण्याआधी आणखी एक गोष्ट तपासायची. शिष्यवृत्ती किंवा वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज महाडीबीटीवर भरला असेल, तर खात्यात काही जमा झालं आहे का ते पाहा. जमा झालं असेल तर पत्रात सांगा. झालं नसेल तर येणार म्हणून हिशेबात धरू नका, कारण ते पैसे उशिरा येतात. कॉलेजात 'कमवा आणि शिका' योजनेतलं काम मिळत असेल तर तेही आधी विचारून ठेवा. या मुलाला ग्रंथालयात तीन महिन्यांचं काम मिळत होतं. वडील पहिला प्रश्न तोच विचारणार, तेव्हा उत्तर पत्रातच हवं.

आता वेळ. पगारदार घरी पत्र महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पोहोचावं. वडील यंत्रमागावर असतील तर हातात पैसा आठवड्याच्या पगाराला येतो, त्याच्या दुसऱ्या दिवशी पोहोचावं. शेतकऱ्याच्या घरी मात्र जरा विचार करावा लागतो. मंगळवेढ्याकडची ज्वारी रब्बीची. ती निघते फेब्रुवारी-मार्चात, आणि जानेवारीत कणसं हुरड्यात असताना घरात रोकड जवळपास नसते. त्या घरी पैसा येत होता तो दर दहा दिवसांच्या दुधाच्या पगाराचा. म्हणून पत्र त्या पगाराच्या आदल्या दिवशी पोहोचेल असं टाकायचं ठरलं. टपालाला दोन ते चार दिवस लागतात, ते मागे मोजून घ्यायचे. आणि पत्रात दुसरी वाट ठेवायची: आत्ता थोडे, ज्वारी निघाल्यावर पूर्ण. वडिलांना पैसे द्यायचे असतात पण या महिन्यात जमत नसतं, असं पुष्कळदा होतं. दुसरी वाट दिली नाही तर पत्राला उत्तर नकाराचं येतं, आणि तो नकार वडिलांनाच जास्त लागतो.

आता लेखन. निळं अंतर्देशीय पत्र घ्या. त्यात जागा मोजकी असते, त्यामुळे पाल्हाळ लागत नाही. कडेला डिंकाची पट्टी असते आणि उघडताना तिथला कागद फाटतो, म्हणून पट्टीजवळ मजकूर नको. रक्कम तर तिथे चुकूनही नको. एका मुलाच्या पत्रातला आकडा असाच फाटला, आणि मुलाने किती मागितले हे न कळल्यामुळे वडिलांनी नेहमीचेच पैसे पाठवले.

मायना नीट लिहा. आईवडिलांना 'तीर्थरूप' आणि वडिलांसारख्या इतर वडीलधाऱ्यांना 'तीर्थस्वरूप', हा फरक आजीला कळतो आणि तिला तो आवडतो. त्याखाली चार ओळींत तब्येत आणि अभ्यास. गुण कमी पडले असतील तर तेही इथेच सांगा. पैशांच्या पत्रात गुण लपवले आणि ते नंतर कळले, की दोन्ही गोष्टी एकमेकींना चिकटतात. त्यानंतर घरचा एक प्रसंग, आणि मग 'पत्रास कारण की'. जुन्या पत्रांतले हे तीन शब्द फार कामाचे आहेत. ते आले की वाचणारा सावरून बसतो. त्यांच्या पुढच्याच वाक्यात मागणी आणि आकडा लिहायचा. मागणी शेवटी ढकलली तर आधीच्या सगळ्या प्रेमाच्या ओळी तिच्यासाठीच लिहिल्या होत्या असं वाटतं. पहिल्याच ओळीत आणली तर उरलेलं पत्र कोणी मनापासून वाचत नाही.

विनोद कुठे करायचा, याचा माझा नियम ठरलेला आहे. विनोद खर्चाच्या तपशिलात करायचा, घरच्या माणसांवर करायचा नाही. खरा आकडा आणि त्यामागची खरी घटना शेजारी ठेवली की हसू आपसूक येतं, त्यासाठी काही रचावं लागत नाही. वडिलांच्या काटकसरीवरचा विनोद समोर बसून करता येतो, कारण तेव्हा आपला चेहरा त्यांना दिसत असतो. कागदावर तो टोमणा होतो.

तसाच भुकेवरचा विनोद नको. एका मुलाने गमतीत लिहिलं होतं की मेसची भाजी पाहून आता रडूही येत नाही. पत्र पोहोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने येऊन त्याची आई वसतिगृहाच्या दारात उभी होती. बरोबर कडक भाकरीचं गाठोडं, शेंगाची चटणी आणि तिळाच्या पोळ्या. मुलाला रिक्षासाठी आणि झेरॉक्ससाठी पैसे हवे होते. त्याबद्दल बोलणंच झालं नाही. आई डोळे पुसत परत गेली, आणि त्या महिन्याचा एसटीचा खर्चही घरावर पडला.

मंगळवेढ्याच्या मुलाने तीन खर्डे केले. तिसरा असा होता:

"सोलापूर, 22 जानेवारी.

तीर्थरूप अप्पा आणि तीर्थरूप सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार. आज्जीला वेगळा नमस्कार, कारण सगळ्यांत मिळून केलेला तिला चालत नाही.

मी बरा आहे. सर्दी झाली होती, ती गेली. गणिताच्या चाचणीत वीसपैकी अकरा मिळाले. पुढच्या वेळी जास्त मिळतील. किती ते आत्ता लिहीत नाही, कारण आज्जी पत्रं जपून ठेवते.

आई, शेंगाच्या चटणीचा डबा तू महिनाभराच्या हिशेबाने दिला होतास. तो चौथ्या दिवशी संपला. बार्शीच्या पोराने भाकरीबरोबर खाल्ली, इंडीच्या पोराने भाताबरोबर, आणि उमरग्याच्या पोराने कशाचीही वाट न बघता नुसती. तिघांनीही तुला नमस्कार सांगितला आहे. उमरग्याचा जरा जास्त वाकून आहे.

पत्रास कारण की, महिन्याचे 1500 रुपये मला पुरत नाहीत. मला 2000 हवे आहेत, म्हणजे 500 जास्त. मी तीस दिवस सगळा खर्च वहीत लिहिला. तो खाली देतो.

रिक्षा 400. कॉलेज लांब आहे हे प्रवेश घेताना नकाशावर पाहिलं होतं, पण नकाशावर ते बोटभरच होतं. झेरॉक्स आणि जर्नल 340. झेरॉक्सवाले काका मला लांबून पाहिलं की मशीन चालू करून ठेवतात. रिचार्ज 299. रिचार्ज नसला तर आईचा फोन लागत नाही, आणि आईचा फोन लागला नाही तर आई येते. साबण, तेल, पावडर, कटिंग 260. रविवारी रात्री मेस बंद असते, त्याचे चार रविवारचे 320. चप्पल शिवली, 40. चहा 520. यातला सकाळचा चहा अभ्यासाचा असतो आणि संध्याकाळचा गप्पांचा. संध्याकाळचा बंद केला.

राहिले 280. हे मी गड्ड्यावर खर्च केले. नंदीध्वजांची मिरवणूक पाहिली, तिला पैसे पडत नाहीत. पैसे पडले ते होम मैदानावर. भेळ खाल्ली, धाकटीसाठी बांगड्या घेतल्या आणि मोठ्या पाळण्यात दोनदा बसलो. पहिल्यांदा हौसेने, आणि दुसऱ्यांदा पहिल्या वेळी डोळे मिटून घेतले होते म्हणून.

एकूण 2459 झाले. तुमचे 1500, आत्याने दिवाळीला दिलेल्यांतले उरलेले 359, आणि 600 बार्शीच्या मित्राकडून उसने घेतले. उसने मी फेडणार आहे, ते तुमच्याकडे मागत नाही. ग्रंथालयात कमवा आणि शिकामध्ये एप्रिलपर्यंत काम मिळालं आहे. त्या पैशांतून उसने आणि परीक्षेची फी दोन्ही भागेल. काम परीक्षेपर्यंतच आहे, म्हणून महिन्याच्या खर्चात ते धरता येत नाही.

पुढच्या महिन्यात गड्डा नाही, चप्पल नाही, आणि चहा निम्मा. म्हणजे 1879 लागतील. 2000 मधून 121 उरतात, ते मौजेचे आहेत. जास्त वाटले तर कमी करा, अप्पा, पण सगळे काढू नका.

आत्ता ओढ असेल तर फेब्रुवारीला 250 वाढवा आणि ज्वारी निघाल्यावर बाकीचे. जमतच नसेल तर तसं सरळ कळवा, म्हणजे रिक्षाचं काय करायचं ते मी ठरवीन. रविवारी हुरड्याला येतो आहे. वही बरोबर आणतो.

लोभ आहेच, तो वाढावा. पैशांचं वर लिहिलं आहे.

तुमचा मुलगा.

ता. क. पाळण्यातून सिद्धेश्वरचं तळं अख्खं दिसतं. दुसऱ्या वेळी पाहिलं."

पहिल्या खर्ड्यात काय होतं ते सांगितलं, तर हे पत्र कशामुळे नीट झालं ते कळेल. पहिल्या खर्ड्यात गड्डा नव्हता. ते 280 रुपये त्याने 'इतर' या नावाखाली घातले होते. मी त्याला म्हटलं, तुझ्या अप्पांनी जन्मभर दुकानदाराच्या चिठ्ठ्या वाचल्या आहेत, त्यांचं बोट पहिलं 'इतर'वर जाईल. शिवाय सोलापुरात राहणारा अठरा वर्षांचा पोरगा जानेवारीत गड्ड्यावर गेला नाही, यावर मंगळवेढ्यात कोण विश्वास ठेवणार? पाळण्याचं खरं काय झालं ते त्याने मला सांगितलं आणि आम्ही दोघंही हसलो. तेच वाक्य जसंच्या तसं पत्रात गेलं. स्वतःहून कबूल केलेल्या एका चैनीमुळे बाकीच्या सात आकड्यांवर विश्वास बसतो. चैन एकच असावी आणि ती खरी असावी. तीन-चार कबूल केल्या तर वडील वही बाजूला ठेवून उपदेशाला बसतात.

उसनवारीचं तो लिहायलाच तयार नव्हता. पण ती लपवली तर बेरीज जुळत नाही. 2459 खर्च झाले आणि हातात 1859 होते, तर मधले 600 आले कुठून, हे विचारायला शिक्षण लागत नाही. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच होती. खर्च लिहिलेला असतो, जमा लिहिलेली नसते. जमा आणि खर्च दोन्ही लिहून बेरीज एकच येते का ते पाहा. येत नसेल तर पत्र टाकू नका.

दुसऱ्या खर्ड्यात एक ओळ होती, 'इथे सगळ्यांना तीन-तीन हजार येतात.' ती मी काढायला लावली. ती खरीही नव्हती, आणि खरी असती तरी काढायला लावली असती. दुसऱ्याच्या बापाशी तुलना केलेली ओळ वडील विसरत नाहीत. त्याच खर्ड्यात 'जमत नसेल तर मी रविवारी उपाशी राहीन' असंही होतं. त्याच्या जागी रिक्षाचं वाक्य आलं. त्या वाक्यात तो आपली अडचण आपण सोडवायला तयार आहे एवढंच आहे, कुणाला रडवायचं त्यात काही नाही.

पत्र बंद करण्याआधी शेवटची चाचणी घ्यायची. ते खोलीतल्या मित्राला मोठ्याने वाचून दाखवा, कारण घरीही ते मोठ्यानेच वाचलं जाणार आहे, आणि ऐकायला आजी असणार आहे. तीन-साडेतीन मिनिटांत संपलं पाहिजे. मित्र जिथे हसेल तिथे पेन्सिलीने खूण करा. मग प्रत्येक खुणेपाशी थांबून पाहा, हे हसू कुणावर आहे? घरच्या माणसावर असेल तर ओळ काढा. मित्र कुठेच हसला नाही तरी घाबरू नका. हिशेब खरा असेल तर बिनविनोदाचं पत्रही चालतं. विनोद भरपूर आणि हिशेब कच्चा असेल तर मात्र घरचे हसतात आणि पैसे तेवढेच येतात. आणि मित्राने वाचताना 'मग नक्की किती मागतोयस?' असं विचारलं, तर आकडा चुकीच्या जागी पडला आहे. पत्र पुन्हा लिहा.

या कृतीला एक मर्यादा आहे. ज्या घरी खरोखरच पैसा नाही, तिथे कितीही चांगलं पत्र पैसा काढू शकत नाही, आणि काढूही नये. पाऊस गेलेल्या वर्षी एका मुलाची वही पाहून मी त्याला पत्र लिहायला न लावता शिष्यवृत्तीच्या अर्जाचं काय झालं ते विचारायला पाठवलं होतं. घरची स्थिती माहीत नसेल तर आधी सुट्टीत घरी जाऊन डोळ्यांनी पाहून या.

मंगळवेढ्याहून उत्तर आठव्या दिवशी आलं, पोस्टकार्डावर, वडिलांच्या अक्षरात. फेब्रुवारीपासून 1900 पाठवतो, असं त्यात होतं. सकाळचा चहा मेसमध्ये मिळतो, तो तिथेच प्यावा, म्हणून शंभर कमी केले होते. मौजेच्या 121 ला त्यांनी हात लावला नव्हता. त्याच दिवशी एसटीने चटणीचे दोन डबे आले. एकावर बहिणीने चिठ्ठी चिकटवली होती, 'हा उमरग्याच्या दादाचा'.

पैसे खात्यात आले त्या संध्याकाळी मी त्या मुलाला पुन्हा लिहायला बसवलं. पोच म्हणून चार ओळी, मागणीचा एकही शब्द नसलेल्या. ही पायरी गाळू नका. पैसे मिळाले की त्याच दिवशी पोच लिहा, आणि पुढच्या महिन्याची वही दुसऱ्या दिवशी सकाळपासून सुरू करा.